आधी घास, मग भूक

*'माझे पती ४६ वर्षांचे, उंची साडेपाच फूट. पावसाळा लागला तेव्हा टायफॉईड झाला, तो त्यांनी अंगावर काढला आणि आतड्याला छिद्र पडलं. नागपूरला पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, पंचवीस दिवस दवाखान्यात होते. घरी येऊन पाच आठवडे झाले. वजन ५८ वरून ४४ किलोवर आलं. टाके सुकले, डॉक्टर म्हणतात आता हळूहळू सगळं खा. पण भूकच नाही. सकाळ-संध्याकाळ चहा-टोस्ट, दुपारी अर्धी भाकर खाल्ली की ताट सरकवतात. जरा तिखट असलं की तोंड झोंबतं म्हणतात. खर्रा मात्र सुरू आहे. सासूबाई वरणाचं पाणी, साबुदाण्याची पेज आणि पातळ खिचडी यापलीकडे काही देऊ देत नाहीत. अंडं, तुरीची डाळ, दूध यानं जखम पिकते म्हणतात. गावातले डॉक्टर आठवड्याला एक सलाईन लावतात, त्या दिवशी बरं वाटतं. मेडिकलवाल्यानं भुकेच्या गोळ्या दिल्या, त्यानं नुसती झोप येते. सगळे म्हणतात, भूक लागली की आपोआप खातील. कापूस वेचणीच्या आत त्यांना उभं करायचं आहे. काय करू?' – एक बहीण, यवतमाळ जिल्हा*

ताई, तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त खटकलेलं वाक्य तुमचं नाही, ते 'सगळ्यांचं' आहे: भूक लागली की आपोआप खातील. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते बरोबर आहे. तुमच्या पतींच्या बाबतीत नाही, आणि याच एका समजुतीपायी पाच आठवडे गेले आहेत.

एवढ्या मोठ्या दुखण्यात शरीर जंतूंशी लढताना रक्तात जी द्रव्यं सोडतं, तीच मेंदूतली भूक दाबून टाकतात. दुखणं ओसरलं तरी ती दाबलेली भूक लगेच वर येत नाही. त्यात बरेच दिवस पोटात थोडंच गेल्यामुळे जठराला थोड्याचीच सवय होते, ते सावकाश रिकामं होतं आणि दोन घासांत पोट गच्च वाटतं. उपासमार लांबली की शरीर भूक मागायचंही कमी करतं. म्हणजे कमी खाल्ल्यामुळे भूक जाते आणि भूक नाही म्हणून कमी खाल्लं जातं. हा फेरा भुकेच्या बाजूनं तुटत नाही, खाण्याच्या बाजूनं तोडावा लागतो. गोळी जशी आठ वाजता म्हणजे आठ वाजता, इच्छा असो वा नसो, तसंच काही आठवडे खाणंही घड्याळावर. पोटात नेमानं पडू लागलं की साधारण तीन-चार आठवड्यांत भूक आपली आपण डोकं वर काढते. काहींना थोडा जास्त वेळ लागतो.

आता सध्या पोटात जातं किती, ते पाहू. तुम्ही लिहिलेलं सगळं मी मांडून पाहिलं. दोन वेळचा साखरेचा चहा, दोन-तीन टोस्ट, अर्धी भाकर, वाटीभर वरणाचं पाणी किंवा साबुदाण्याची पेज, रात्री वाटीभर पातळ खिचडी. हे सगळं मिळून साडेपाचशे-सहाशे कॅलरींच्या पुढे जात नाही आणि प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतात. ४४ किलोच्या माणसाला नुसतं आहे तिथं टिकायला तेराशे-चौदाशे कॅलरी लागतात. झीज भरून काढायची तर त्याहून तीनशे-चारशे वर, आणि प्रथिनं रोज साठ ग्रॅमच्या आसपास. वजन का भरून येत नाही, याचं कोडं राहत नाही.

सासूबाईंच्या मनात लेकाची काळजीच आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना डाळ शिजवून दाखवा. शिजलेलं वरण तसंच राहू दिलं की वर पाणी तरंगतं आणि खाली डाळ बसते. ताकद ती खाली बसलेली डाळ आहे, आणि आपण नेमकं वरचं पाणी रोग्याला देतो. साबुदाण्याची पेज म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. जखम भरते ती प्रथिनांवर, आणि अंडं, डाळ, दूध ही आपल्या घरातली प्रथिनांची तीन मोठी साधनं. जखम पिकते ती जंतूंनी. ज्याच्या अंगात प्रथिनं कमी त्याची जखम उशिरा भरते आणि पिकतेही लवकर. सुरुवातीला, आतडं नुकतंच शिवलेलं होतं तेव्हा, पातळ-मऊ खाण्याचा सल्ला योग्यच होता. तो तेवढ्या दिवसांपुरता होता, आणि डॉक्टरांनी आता स्वतः 'सगळं खा' म्हटलंय हे त्यांना आवर्जून सांगा.

एका गोष्टीत मात्र सासूबाई थोड्या बरोबर असू शकतात, ती म्हणजे दूध. आतड्याच्या आजारानंतर काही आठवडे अनेकांना दुधातली साखर पचत नाही. दूध घेतल्यावर तासा-दोन तासांत पोट फुगलं, गुरगुरलं, पातळ जुलाब झाले तर तेच कारण. तसं झालं तर दूध महिनाभर थांबवा आणि दही द्या. विरजणात ती साखर बरीच कमी होते, त्यामुळे दही बहुतेकांना सोसतं. काहीच त्रास झाला नाही तर दूध बिनधास्त द्या.

सलाईनचं सांगायलाच हवं, कारण पैसा त्यात चाललाय. ज्याला आपण ग्लुकोजची बाटली म्हणतो त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. प्रथिनं शून्य. मूठभर शेंगदाण्यांत याहून बरंच जास्त असतं. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर एकही कॅलरी नसते. मग त्या दिवशी बरं का वाटतं? बहुधा अंगात पाणी कमी पडतंय म्हणून. लघवी गडद पिवळी होत असेल तर ते पाणी तोंडानेच द्या: दिवसभर थोडं थोडं, जेवणाच्या मधल्या वेळेत. भुकेची गोळी कोणती दिली ते पाकिटावर बघा. सायप्रोहेप्टाडिन असेल तर झोप त्याचीच आहे. खाताना पेंगणारा माणूस खाणार काय? आणि ती थांबवली की भूक पुन्हा पहिल्यासारखीच. पाकिटावर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल तर मात्र आजच ते पाकीट घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ही स्टेरॉइडं आहेत. यांनी तोंड फुगतं, वजनही वाढल्यासारखं दिसतं, पण आतून स्नायू झिजतात, साखर चढते आणि दडलेला जंतुसंसर्ग उफाळू शकतो. ती बरेच दिवस घेतली असतील तर एकदम बंदही करायची नसतात, म्हणून डॉक्टरांसमोरच ठरवा.

आता तोंड झोंबण्याबद्दल. हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला ते फार मोलाचं वाटलं. विदर्भातल्या माणसाला तिखट झोंबू लागलं की मी आधी त्याला तोंड उघडायला लावते. दिवसाच्या उजेडात त्यांना अंगणात बसवा आणि दोन गोष्टी बघा. जीभ, गालाच्या आतली बाजू, टाळू यांवर पांढरट साय धरल्यासारखे चट्टे आहेत का? ओल्या स्वच्छ फडक्यानं हलकेच पुसले आणि ते निघून खाली लालसर जागा दिसली, तर ती बुरशी असण्याची शक्यता मोठी. बरेच दिवस जोरदार अँटिबायोटिक घेतल्यावर ती होते, चव मारते आणि आग करते. आठ-दहा दिवसांच्या साध्या औषधानं जाते, आणि कित्येकदा तेवढ्यानंच माणूस जेवू लागतो. दुसरी गोष्ट, त्यांना स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन जात नसतील, गाल आतून कडक आणि फिकट लागत असतील, किंवा पांढरा चट्टा पुसला तरी निघत नसेल, तर तो खर्ऱ्यानं झालेला तोंडाचा आजार असू शकतो. त्याला दंतवैद्यालाच दाखवा, लांबवू नका, कारण पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो.

खर्रा भूक मारतो हे खरं आहे, तंबाखूतल्या निकोटिनचं ते कामच आहे. शिवाय जखम भरायला लागणारा रक्तपुरवठाही त्यानं कमी होतो. तो पूर्ण सुटावा असंच मी म्हणेन. मोफत मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. पण तुम्ही रोज त्यावरून भांडत असाल तर जेवणाची वेळही भांडणाची होते. म्हणून आजपासून एवढाच एक नियम त्यांच्याकडून कबूल करून घ्या: खायच्या वेळेआधी तासभर तोंडात खर्रा नाही. दिवसातून सहा वेळा खाणं ठरलं की खर्ऱ्याला जागाच थोडी उरते. चहालाही हाच नियम. जेवणाआधी कपभर चहा म्हणजे पोटात पाणी आणि भुकेची बोळवण, म्हणून चहा खाऊन झाल्यावर, अर्धा कप.

आता खाणं वाढवायचं कसं. इथं मला तुम्हाला थोडं अडवायचं आहे, कारण असं पत्र वाचून कुणीही उद्यापासून अंडी, दूध, लाडू सगळं एकदम सुरू करेल. विझत आलेल्या चुलीत एकदम चार जाड ओंडके घातले तर ती धुमसून विझते, आधी काटक्या घालाव्या लागतात. अंगातलं वजन चौथाईनं घटलंय, उंचीच्या मानानं ते फारच खाली आहे आणि कित्येक आठवडे खाणं अगदी थोडं आहे. अशा शरीरात अन्न एकदम वाढलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि रक्तात त्यांचा तुटवडा पडतो. हृदयावर ताण येतो. म्हणून वाढवायला लागण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात एकदा दाखवा, हे क्षार रक्तात तपासता येतील का ते विचारा आणि बी-१ जीवनसत्त्वाची गोळी सुरू करायची का तेही विचारा. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पावलांवर सूज, धाप, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा फार अशक्तपणा दिसला तर खाणं वाढवणं थांबवून लगेच दवाखाना.

डॉक्टरांनी होकार दिला की पहिले तीन-चार दिवस पदार्थ वाढवू नका, आहे तेच घट्ट करा. वरणाच्या पाण्याऐवजी चमच्यानं उचलता येईल असं घट्ट वरण, त्यात चहाचा एक चमचा तूप. खिचडीत डाळ जास्त, पाणी कमी, वरून एक चमचा तेल किंवा तूप. ताट दिसायला तेवढंच, पोटात जागाही तेवढीच लागते, पण दीडशे-दोनशे कॅलरी वाढतात. तूप-तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे पंचेचाळीस कॅलरी, आणि तो घासात दिसतही नाही. ज्याला चारच घास जायचे आहेत त्याचा प्रत्येक घास जड असला पाहिजे.

त्यानंतर सातू. आपल्याकडे उन्हाळ्यात सातूचं पीठ होतंच, मी सांगते ते थोडं वेगळं आहे. फुटाणे सोलून दोन वाट्या, भाजून साल काढलेले शेंगदाणे एक वाटी, दोन्ही मिक्सरमधून बारीक काढा. शेंगदाण्याला तेल सुटतं म्हणून थांबत थांबत फिरवा. कोरड्या डब्यात आठवडाभर पुरेल एवढंच करा. जुन्या, काळपट किंवा कडवट लागणाऱ्या शेंगदाण्यात बुरशीचं विष असू शकतं, ते निवडून फेका. या पिठाचे चार मोठे चमचे, साधारण ४० ग्रॅम, पाऊण कप कोमट दुधात गूळ आणि छोटा चमचा तूप घालून कालवा. दूध सोसत नसेल तर दह्यात. हा एक कप म्हणजे जवळपास पावणेचारशे कॅलरी आणि चौदा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सध्याच्या त्यांच्या दिवसभराच्या खाण्यातली जवळजवळ सगळी प्रथिनं एका कपात. सुरुवात अर्ध्या कपानं करा, सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी. चावायला लागत नाही म्हणून थकलेल्या माणसाला तो जातो. दोन-तीन दिवस नीट पचला तर आणखी अर्धा कप संध्याकाळी. साखरेचा आजार असेल तर गूळ वगळा.

दुसऱ्या आठवड्यात उकडलेलं अंडं, रोज एक, मग दोन. अंडं घरात चालणारच नसेल तर त्या जागी घट्ट दही आणि जास्तीचं वरण. तिसऱ्या आठवड्यात पिठलं आणि शेंगदाण्याचा लाडू. असं करत तीन-चार आठवड्यांनी त्यांचा दिवस साधारण असा दिसावा. सकाळी सातला तो सातूचा पूर्ण कप. साडेनऊला दोन अंडी आणि तूप लावलेली अर्धी भाकर. बहुतेकांची भूक सकाळी जरा बरी असते आणि संध्याकाळी मावळते, म्हणून मोठा भाग दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात टाका. साडेबाराला वाटीभर भात, वाटीभर घट्ट तुरीचं वरण, दोन चमचे तूप. चारला वाटीभर दही आणि एक शेंगदाणा-गुळाचा लाडू. साडेसातला अर्धी भाकर आणि तेल सोडून केलेलं मऊ पिठलं, मिरची बेताची. निजताना पाऊण कप दूध, थोडा गूळ घालून. बेरीज सोळाशे-सतराशे कॅलरी आणि साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. यातलं एकही ताट मोठं नाही, आणि कुठंही डब्यातली महागडी पावडर नाही. ज्यांना ती घ्यायचीच आहे त्यांनी डब्यावर साखर किती आणि प्रथिनं किती हे वाचून घ्यावी. पुष्कळ डब्यांत साखरच जास्त असते.

गोंदिया-भंडाऱ्याकडून हे वाचणाऱ्यांना एक सांगते: डाळ वाढवायची म्हणून लाखोळीची डाळ रोज महिनोन्महिने देऊ नका. सारखी आणि भरपूर खाल्ली तर तिनं पायांतली ताकद कायमची जाऊ शकते, आणि अशक्त माणसाला तो धोका जास्त. त्यांनी तूर, मूग, हरभरा द्यावा, आणि मासे-झिंगे खात असतील तर तेही द्यावेत.

जेवताना पाणी किंवा ताक आधी देऊ नका, घास संपल्यावर दोन घोट. ताट लहान घ्या आणि त्यात कमीच वाढा. भरलेलं ताट बघूनच अशा माणसाचा जीव दडपतो. शेजारी बसून तुम्हीही त्याच वेळी जेवा. 'अजून एक घास घ्या ना' हे दिवसातून वीस वेळा म्हटलं की माणूस हट्टानं तोंड मिटतो, म्हणून राहिलं तर राहू द्या, अडीच-तीन तासांनी पुढची वेळ आहेच. मळमळ होत असेल तर गरम फोडणीच्या वासाऐवजी थंड किंवा कोमट खाणं सोपं जातं: दही-भात, सातू, आंबील. आंबील मात्र पातळ असते, तीत दही आणि जवस-शेंगदाण्याची चटणी घालून घट्ट करा.

वजनाबद्दल तुमच्या मनातलं गणितही थोडं बदलायला हवं. साडेपाच फुटांच्या माणसाचं निरोगी वजन ५२ किलोपासून सुरू होतं, म्हणजे पहिला टप्पा ५२ आहे, ५८ नव्हे. नीट चाललं तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ होते. म्हणजे वेचणी सुरू होईल तोवर ते फार तर ४६-४७ किलोवर असतील आणि ५२ गाठायला चार ते आठ महिने लागतील. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर आनंदू नका, ते मांस नाही, पाणी आहे. नडगीवर अंगठा दाबून धरा, खड्डा पडून तसाच राहिला तर सूज आहे, आणि डॉक्टरांना दाखवायचं ते याचसाठी. वजन आठवड्यातून एकदाच करा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. गावच्या उपकेंद्रात काटा असतो, आशाताईंना सांगितलं तर त्या वहीत नोंदही ठेवतील. रोज वजन केलं तर पाण्याच्या चढ-उतारानं उगाच जीव टांगणीला लागतो.

आणि ही वाढ स्नायूंत जायला हवी असेल तर हालचाल हवीच. नुसतं खाटेवर पडून खाल्लं तर चरबी चढते, पाय तसेच काटकुळे राहतात. सुरुवात घरातल्या घरात, दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं चालणं. मग खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, आठवड्या-आठवड्यानं दोन-तीन वाढवत. सकाळच्या सातू आणि अंड्यानंतर हे केलं तर उत्तम. पण पाठीवर फवारणीचा पंप, पाण्याची कळशी, कापसाचं गाठोडं, बैलगाडीत पोतं चढवणं हे सगळं अजून नाही. पोटाच्या मधोमध घेतलेला चीर वरून सुकला तरी आतला थर पूर्ण ताकद यायला काही महिने घेतो. त्याआधी जोर पडला की तिथून हर्निया बाहेर येतो आणि दुसऱ्या ऑपरेशनची पाळी येते. खोकताना किंवा उठताना व्रणाजवळ फुगवटा येतो का, ते बघत राहा. शेतात जायचं असेल तर नुसतं बांधावर बसायला जाऊ द्या, मोकळ्या हवेत आणि चार माणसांत घास बरा जातो. पंपाला हात लावायची परवानगी कधी, ते ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारूनच. यंदाच्या वेचणीला मजुरीची सोय दुसरीकडून लावावी लागेल, हे आत्ताच धरून चाला.

आतड्याचा तुकडा काढला होता की नुसतं छिद्र शिवलं होतं, हे डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं असतं, ते एकदा कुणाकडून वाचून घ्या. टायफॉईडचं छिद्र बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पडतं. तोच भाग बी-१२ जीवनसत्त्व शोषतो आणि चरबी पचवायला लागणारं पित्तही परत घेतो. तो बराच कापला असेल तर बी-१२ ची तपासणी आणि कदाचित इंजेक्शनं लागतील. शौच तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारी आणि फार घाण वासाची होत असेल तर तूप-तेल पचत नाही असं समजा. मग तूप वाढवत नेण्याऐवजी ते कमी करून डॉक्टरांकडे जा, त्यावर औषध आहे.

एखादे दिवशी पोट फुगून टणक झालं, पिळवटून दुखू लागलं, हिरवट उलटी झाली आणि वारा-शौच दोन्ही बंद पडलं, तर गावात सलाईन लावत वेळ घालवू नका. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटून अडकू शकतात, त्याला मोठाच दवाखाना लागतो, रात्र असली तरी.

आणि समजा, तुम्ही महिनाभर हे सगळं नेमानं केलं, वहीत लिहिल्याप्रमाणे खाणं पोटात जातंय, पण काटा हलतच नाही. तर दोष तुमच्या स्वयंपाकाचा नाही आणि त्यांच्या हट्टाचाही नाही, आत काहीतरी दुसरं चालू आहे. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, दोन आठवड्यांवर खोकला, मानेत गाठ यांतलं काही असेल तर क्षयरोगाची तपासणी मागा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षयरोग आतड्याचाही असतो आणि त्यानंही आतड्याला छिद्र पडू शकतं, म्हणून ऑपरेशनच्या वेळी तुकडा तपासायला पाठवला होता का आणि त्याचा रिपोर्ट काय आला, हे त्या दवाखान्यात विचाराच. बरोबर उपाशीपोटी साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. आणि एकदा तुम्ही दोघंच असताना त्यांना विचारा, झोप लागते का, कशात मन लागतं का, कर्जाचा घोर आहे का. दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहणाऱ्या माणसाची भूक मनाच्या आजारानंही जाते, आणि त्याचीही औषधं जिल्हा रुग्णालयात मिळतात. 'जगून काय करू' असं काही बोलले तर महिनाभर थांबू नका, त्यांना एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जाताना वजनाची वही, डिस्चार्ज कार्ड आणि आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या.